पाच हजार रांगेत, शंभर हातात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार होता. शाळांची फी ऑनलाइन भरून घेणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी तेव्हा काम करत होतो. पालकाने पैसे भरले की बँकेचा होकार येतो, आणि मग फीची पावती तयार होऊन त्याच्या ईमेलवर जाते. ही दोन कामं आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली होती. पावतीची पीडीएफ करायला, ती साठवायला, ईमेल धाडायला वेळ लागतो. तोवर पालकाला स्क्रीनसमोर ताटकळत ठेवायचं कारण नव्हतं. म्हणून पैसे जमा झाले की ‘या व्यवहाराची पावती करा’ एवढाच एक छोटा संदेश रांगेत टाकला जायचा. मागे चालणारे पाच प्रोग्रॅम त्या रांगेतून संदेश उचलायचे आणि पावत्या करत बसायचे.

साडेदहानंतर शाळांकडून फोन सुरू झाले. पैसे खात्यातून गेले, पावती आलेली नाही. अशा वेळी मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. पावती दिसली नाही की काही पालक घाबरून पुन्हा पैसे भरतात, आणि दुसऱ्यांदा गेलेली फी परत मिळायला त्यांना दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. चाळीस-पन्नास हजारांची फी कर्ज काढून भरणारा माणूस त्या दिवसांत काय करत असेल, हे आपल्याला बसल्या जागी कळत नाही.

दहा चाळीसला मी रांगेचा डॅशबोर्ड उघडला. `fee.receipts` या रांगेसमोर तीन आकडे होते: Ready ५,४१२, Unacked १००, Total ५,५१२. बहुतेकांची नजर पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यावर जाते, कारण ते मोठे असतात आणि वाढताना दिसतात. त्या दिवशी खरी बातमी मधल्या, शंभरावर गप्प बसलेल्या आकड्यात होती.

ही रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव रॅबिटएमक्यू. २००७ मध्ये ते पहिल्यांदा आलं. ज्या अर्लांग भाषेत ते लिहिलंय, ती एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी जन्माला आली होती. एकाच वेळी हजारो जोडण्या धरून ठेवायच्या आणि एखादी तुटली तरी बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, ही त्या भाषेची मूळची सवय आहे. रॅबिटएमक्यूचं काम मात्र समजायला सोपं आहे. एकीकडून संदेश घ्यायचे, रांगेत ठेवायचे आणि दुसरीकडे काम करणाऱ्या प्रोग्रॅमना वाटायचे. या काम करणाऱ्या प्रोग्रॅमना कन्झ्युमर म्हणतात.

वाटल्यानंतर काय होतं, हे समजायला रजिस्टर पत्र आठवावं. पोस्टमन पत्र घेऊन निघाला म्हणजे ते पोचलं असं टपाल खातं मानत नसे. घेणाऱ्याची सही झाली, पोच परत आली, की मगच त्या पत्राची नोंद मिटत असे. रॅबिटएमक्यूचं तसंच आहे. संदेश कन्झ्युमरच्या हाती दिला तरी रॅबिटएमक्यू तो आपल्या वहीतून काढत नाही. कन्झ्युमर पावती करतो, ईमेल धाडतो आणि मग ‘हे झालं’ अशी पोच देतो. या पोचेला सगळे ‘अ‍ॅक’ म्हणतात. अ‍ॅक आला की संदेश कायमचा पुसला जातो. अ‍ॅक यायच्या आधीच कन्झ्युमर बंद पडला, तर त्याच्या हातातले सगळे संदेश रांगेत परत येतात, शक्यतो आपल्या जुन्याच जागी, आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळतात.

तर Ready म्हणजे टपाल कार्यालयात पडून असलेली पत्रं, अजून कुणाच्याच हाती न दिलेली. Unacked म्हणजे पोस्टमनच्या थैलीत गेलेली, पण पोच न आलेली. Total ही दोन्हींची बेरीज. तुंबलंय एवढंच बेरीज सांगते. कुठे तुंबलंय हे कळण्यासाठी दोन आकडे सुटे वाचावे लागतात.

थैलीत किती पत्रं मावतात, हा यापुढचा प्रश्न. प्रत्येक कन्झ्युमरला एका वेळी पोच न आलेले जास्तीत जास्त किती संदेश द्यायचे, याची मर्यादा ठरवता येते. तिला प्रीफेच म्हणतात. आमचा प्रीफेच वीस होता आणि कन्झ्युमर पाच. म्हणजे Unacked शंभराच्या वर जाणं शक्यच नव्हतं. हा गुणाकार डॅशबोर्ड करून देत नाही. रांगेच्या नावावर क्लिक केलं की खाली Consumers चा तक्ता येतो, त्यात प्रत्येकासमोर Prefetch count लिहिलेला असतो; बाकीचा हिशेब आपला आपण करायचा. माझा आग्रह आहे की प्रत्येक रांगेची ही कमाल मर्यादा टीमला तोंडपाठ असावी. ती माहीत नसेल तर Unacked १०० हा आकडा चांगला की वाईट, हे सांगताच येत नाही. मर्यादा हजार असेल, तर शंभर म्हणजे कन्झ्युमर जवळजवळ मोकळे आहेत. मर्यादा शंभरच असेल, तर सगळ्या थैल्या तोंडापर्यंत भरल्या आहेत आणि रॅबिटएमक्यू पुढचं पत्र हातात घेऊन उभा आहे.

सर्व्हरवर लॉगिन असेल तर हेच आकडे एका ओळीत मिळतात:

```
rabbitmqctl list_queues name messages_ready messages_unacknowledged consumers
fee.receipts    5412    100    5
```

कन्झ्युमर पाचही जिवंत होते. थैल्या भरलेल्या होत्या. म्हणजे अडचण रांगेत नव्हती, रांगेतून कन्झ्युमरपर्यंतच्या वाटेवरही नव्हती. ती कन्झ्युमरच्या आत होती, किंवा कन्झ्युमर ज्याची वाट पाहत होते त्याच्यात होती.

मग वेग पाहिले. त्याच ओळीत उजवीकडे incoming आणि ack असे दोन वेग दिसतात. incoming होता सेकंदाला १६ आणि ack सेकंदाला ७. दर सेकंदाला नऊ संदेश मागे राहत होते, म्हणजे मिनिटाला ५४०. पाच हजार चारशेला ५४० ने भागलं की दहा येतात. तुंबायला सुरुवात साडेदहाला झाली होती, अगदी फोन सुरू व्हायच्या तोंडावर. तुंबण्याचा आकडा आणि वेग हाताशी असले, तर लॉग न उघडताही सुरुवातीची वेळ अशी काढता येते, आणि त्या वेळी काय बदललं हे शोधणं पुष्कळ सोपं होतं.

आणखी एक भागाकार मी तेव्हा केला. Ready भागिले ack चा वेग, म्हणजे ५,४१२ भागिले ७. उत्तर आलं ७७३ सेकंद, सुमारे तेरा मिनिटं. आत्ता पैसे भरणाऱ्या पालकाला पावतीसाठी एवढं थांबावं लागणार होतं. शाळांना कळवायला हाच आकडा उपयोगी पडला. ‘रांगेत पाच हजार आहेत’ हे ऐकून शाळेच्या कारकुनाला काही उमगत नाही. ‘पावती तेरा मिनिटांनी येईल आणि उशीर वाढत जाणार आहे, पालकांना पुन्हा पैसे भरू नका म्हणून सांगा’ हे लगेच उमगतं.

आता कोडं असं होतं. एरवी एका पावतीला पाव सेकंद लागायचा. म्हणजे एक कन्झ्युमर सेकंदाला चार पावत्या करणार आणि पाच मिळून वीस. सोळाचा ओघ त्यांना सहज झेपायला हवा होता. प्रत्यक्षात सात होत होत्या. पाच कन्झ्युमर मिळून सात, म्हणजे एका पावतीला साधारण ०.७ सेकंद. काम जवळजवळ तिपटीने मंदावलं होतं.

अशा वेळी पहिला उपाय सगळ्यांना एकच सुचतो: कन्झ्युमर वाढवा. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने तो सुचवला आणि मीही होकार दिला. दहा पन्नासला आणखी पाच कन्झ्युमर उभे केले. पुढच्याच क्षणी तो म्हणाला, “दादा, Ready खाली आलं!” आलं होतं खरं. दहा हजार आठशेच्या आसपास असलेलं Ready शंभराने उतरलं होतं.

त्याच वेळी Unacked शंभरावरून दोनशेवर गेलं होतं.

इथे थांबून नीट पाहण्यासारखं आहे, कारण या जागी मी अनेकांना फसताना पाहिलंय. पाच नवे पोस्टमन आले, प्रत्येकाने आपली वीस पत्रांची थैली भरून घेतली. कार्यालयातला ढीग शंभराने कमी झाला, पण एकही पत्र जास्त पोचलं नाही. Total जसा होता तसाच वाढत राहिला आणि ack चा वेग सातवरच राहिला. डॅशबोर्ड दर पाच सेकंदांनी ताजा होतो. सेकंदाला नऊच्या हिशेबाने शंभराची घट अकरा सेकंदांत भरून निघाली, म्हणजे स्क्रीन दोनदा ताजा होईपर्यंत Ready पुन्हा पूर्वीच्या जागी होतं. तो मुलगा ते आकडे पाहत बसला होता, त्याचा चेहरा उतरला. कन्झ्युमर वाढवल्याचा उपयोग झाला की नाही, हे Ready च्या घटीवरून ठरवू नये. Ack चा वेग वाढला का, तेवढंच पाहावं. दुप्पट माणसं लावूनही वेग तसूभर हलला नाही, याचा अर्थ ती सगळी एकाच दारात उभी होती.

ते दार शोधायला अकरा वाजून गेले. कन्झ्युमर ज्या मशीनवर चालत होते तिथला सीपीयू जेमतेम वापरात होता. हात भरलेले आणि डोकं रिकामं, ही कुणाची तरी वाट पाहत असल्याची खूण आहे. आमचे कन्झ्युमर पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलत. तिथे `pg_stat_activity` मध्ये पाहिलं तर बहुतेक जोडण्यांसमोर `wait_event_type` च्या रकान्यात एकच शब्द होता: `Lock`.

कारण साधं होतं, पण आमच्या डोळ्यांआड राहिलं होतं. प्रत्येक संस्थेच्या पावत्यांचे क्रमांक ओळीने लागले पाहिजेत, मध्ये आकडा गळता कामा नये, असा संस्थांचा आग्रह असतो आणि हिशेबाच्या दृष्टीने तो रास्त आहे. त्यासाठी कन्झ्युमर आधी त्या संस्थेची नोंद कुलूपबंद करायचा, पुढचा क्रमांक घ्यायचा, पीडीएफ करायचा, ईमेल धाडायचा आणि मग कुलूप काढायचा. एरवी पन्नास वेगवेगळ्या शाळांच्या पावत्या मिसळून येत, त्यामुळे कुणी कुणाला आडवं जात नसे. त्या सोमवारी साडेदहाला एका मोठ्या संस्थेने आपल्या सगळ्या शाळांची फी एकदम खुली केली. रांगेतल्या दहापैकी सहा पावत्या तिच्या होत्या. एकाच्या हाती कुलूप, बाकीचे दारात.

हिशेबही तंतोतंत जुळतो. त्या संस्थेच्या पावत्या एका वेळी एकच होणार, पाव सेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला चार. रांग क्रमाने पुढे सरकते, त्यामुळे दहात सहा या प्रमाणात तिच्या चारांबरोबर इतरांच्या अडीच-पावणेतीन निघतात. बेरीज पावणेसातच्या आसपास. आम्हाला सात दिसत होते. कन्झ्युमर पाच असोत की पन्नास, हा आकडा बदलणार नव्हता.

दुरुस्ती करायला पंचवीस मिनिटं लागली. क्रमांक घ्यायचा आणि तो त्या व्यवहाराच्या नावावर लिहून लगेच कुलूप काढायचं. पीडीएफ आणि ईमेल त्यानंतर, कुलपाबाहेर. क्रमांक व्यवहाराशी कायमचा बांधलेला असल्याने मध्येच कन्झ्युमर कोसळून तोच संदेश दुसऱ्याकडे गेला, तरी नवा क्रमांक जळत नाही, जुनाच वापरला जातो.

साडेअकराला नवा प्रोग्रॅम चढवला. जुने कन्झ्युमर बंद होताच त्यांच्या हातातले दोनशे संदेश रांगेत परत आले: Unacked शून्य, Ready ३२,४०० च्या घरात. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते अपेक्षितच असतं. परतलेल्या संदेशांवर ‘पुन्हा दिलेला’ अशी खूण असते. ज्यांचा ईमेल गेला होता पण अ‍ॅक जायचा राहिला होता, अशा थोड्या पालकांना पावती दोनदा गेली. ती किंमत मला मान्य आहे. पोच मिळाल्याशिवाय नोंद मिटवायची नाही असं ठरवलं की एखादं पत्र दोनदा जाण्याची शक्यता पत्करावीच लागते.

नव्या दहा कन्झ्युमरनी सेकंदाला चाळीसचा वेग धरला. सोळा येत होते, चाळीस जात होते, चोवीसने ढीग उतरत होता. बत्तीस हजार चारशेला चोवीसने भागा: बावीस-तेवीस मिनिटं. पावणेबाराला मी शाळांना ‘बारापर्यंत सगळ्यांना पावत्या मिळतील’ असं कळवू शकलो, ते या भागाकाराच्या भरवशावर.

काही महिन्यांनी याच आकड्यांनी आम्हाला उलट्या बाजूने गाठलं. या वेळी रांग एसएमएसची होती. आमची धोक्याची घंटा फक्त Ready वर लावलेली होती: पाच हजारांच्या वर गेलं की फोन वाजेल. संध्याकाळी पालकांना एसएमएस जायचे थांबले आणि घंटा काही वाजली नाही. डॅशबोर्डवर Ready शून्य. रांग रिकामी दिसत होती. शेजारी Unacked ३८,००० होतं.

नव्याने लिहिलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये प्रीफेच ठरवायचाच राहिला होता. प्रीफेच शून्य असणं म्हणजे कन्झ्युमरला काही देऊ नये असं नसतं; मर्यादाच नाही असं असतं. थैलीला तळ नव्हता. रॅबिटएमक्यू येईल तो संदेश लगोलग त्या तीन कन्झ्युमरकडे ढकलत होतं, एसएमएस पाठवणारी पलीकडची सेवा मंदावली होती, आणि सगळं ओझं कन्झ्युमरच्या मेमरीत साठत होतं. आणखी चार कन्झ्युमर उभे केले, तर ते जुन्या ढिगाच्या बाबतीत रिकाम्या हाताने बसून राहिले. वाटायला रांगेत काही उरलंच नव्हतं. अडतीस हजार पत्रं आधीच तीन थैल्यांत होती आणि एकाच्या थैलीतलं दुसऱ्याला देता येत नाही.

मग त्यातला एक कन्झ्युमर मेमरी संपून कोसळला. त्याचे तेरा-एक हजार संदेश क्षणभर Ready मध्ये आले आणि दुसऱ्याच क्षणी उरलेल्यांवर जाऊन आदळले. थोड्या वेळाने त्यांच्यातला आणखी एक गेला. आलेखावर Ready ची रेघ जमिनीला चिकटलेली आणि मधूनच सुईसारखी वर उठून परत खाली, असं चित्र दिसत होतं. असा आलेख दिसला की मी आता प्रथम Consumers च्या तक्त्यात Prefetch count चा रकाना पाहतो.

प्रीफेच पन्नास करून सगळे सात कन्झ्युमर पुन्हा सुरू केले. Unacked ३५० वर आलं आणि Ready एकदम सदतीस हजारांवर गेलं. घंटा वाजली. वरिष्ठांचा फोन आला की परिस्थिती बिघडली का. ती सुधारली होती. ढीग जिथे असायला हवा तिथे, सगळ्यांच्या नजरेसमोर आला होता, आणि जो मोकळा होईल त्याला पुढचा संदेश मिळू लागला होता. दोन्ही प्रसंगांत Total सारख्याच मापाचा होता, तीस-चाळीस हजार. पहिल्यात दार मोकळं करावं लागलं, दुसऱ्यात थैली लहान करावी लागली. कन्झ्युमर वाढवण्याने दोन्हीकडे सुरुवातीला काहीही साधलं नाही, आणि कारणं मात्र अगदी वेगळी.

तिसरं एक चित्र आहे, ते गर्दीच्या वेळी दिसतच नाही. पहाटे तीनला, रांगेत कुणी नसताना पाहावं. Ready शून्य आणि Unacked सुद्धा शून्य असायला हवं. ते सतरा असेल आणि दहा मिनिटांनीही सतराच असेल, तर ते सतरा संदेश कुणाच्या तरी हातात चिकटून राहिले आहेत. बहुतेक वेळा प्रोग्रॅमच्या एखाद्या चुकार वाटेवर अ‍ॅक द्यायचं राहिलेलं असतं: ईमेलचा पत्ता चुकीचा निघाला, लॉगमध्ये ओळ लिहिली आणि तिथूनच परत फिरलं. असा प्रत्येक संदेश थैलीतली एक जागा कायमची अडवतो. वीस जागा अडल्या की तो कन्झ्युमर जिवंत दिसतो, जोडलेला दिसतो, पण त्याला नवीन काही मिळत नाही. अलीकडच्या रॅबिटएमक्यूमध्ये अशी पोच अर्ध्या तासात आली नाही, तर ते चॅनेल, म्हणजे कन्झ्युमरशी असलेली जोडणीची वाट, स्वतःहून बंद करतं आणि हातातलं सगळं रांगेत परत घेतं. त्यामुळे दर तीस-पस्तीस मिनिटांनी Unacked एकदम कोसळून पुन्हा हळूहळू चढताना दिसलं, तर विसरलेल्या अ‍ॅकचा संशय घ्यावा. पावती करायला खरोखरच अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तरी हेच होतं, म्हणून लांबलचक कामं करणाऱ्यांनी ही मुदत आधीच पाहून ठेवावी.

चुकीच्या संदेशाला ‘नको, परत रांगेत घे’ असं म्हणणारे प्रोग्रॅमही असतात. तो संदेश रांगेच्या तोंडाशी जातो आणि लगेच परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. Ready आणि Unacked दोन्ही जागच्या जागी, ack शून्याजवळ, आणि रांगेच्या पानावर Redelivered चा वेग मात्र भरमसाट. २०२४ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून कोरम क्यू या प्रकारच्या रांगांना अशा फेऱ्यांची वीसची मर्यादा मुळातच घातलेली आहे. जुन्या क्लासिक रांगेत ती नाही. तिथे एक बिघडलेला संदेश कन्झ्युमरला रात्रभर फिरवत ठेवू शकतो.

या आकड्यांच्या भरवशावर किती राहायचं, हेही सांगायला हवं. Unacked शून्य दिसलं म्हणजे कन्झ्युमर मोकळे आहेत असं नेहमीच नसतं. कन्झ्युमरने ‘मला पोच मागू नका’ असं सांगून जोडणी केली असेल, तर रॅबिटएमक्यू संदेश हातात देताक्षणीच तो पोचला असं धरतं. Unacked कायम शून्य राहतं, आणि तुंबलेलं सगळं कन्झ्युमरच्या पोटात, डॅशबोर्डला न दिसणारं. तो कन्झ्युमर कोसळला की परत येणारं काहीच नसतं. Consumers च्या तक्त्यात Ack required चा रकाना त्यासाठीच आहे. पैशांशी संबंधित रांगेत तिथे मला खूण दिसलीच पाहिजे.

रांगेच्या पानाच्या तळाशी दोन बटणं आहेत, त्यांच्याबद्दल गर्दीच्या वेळी फार जपावं. Get messages ने संदेश उघडून पाहता येतो, पण ‘फक्त पाहणं’ असं तिथे काही नसतं. मुळात निवडलेला पर्याय संदेश काढून घेतो आणि परत ठेवतो. Automatic ack निवडलं तर तो काढून घेतो आणि गेला, त्या पालकाची पावती कधीच होणार नाही. Purge Messages सगळी रांग रिकामी करतं, म्हणजे नेमकेपणाने सांगायचं तर Ready रिकामं करतं. Unacked ला ते हात लावत नाही. Purge केल्यावरही Total शंभर दिसतंय म्हणून घाबरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या शंभरांचा निकाल कन्झ्युमरच लावतो.

त्या दोन प्रसंगांनंतर आम्ही घंटा बदलल्या. Ready च्या नुसत्या आकड्यावरची घंटा काढून Ready भागिले ack ठेवलं. उत्तर पाच मिनिटांच्या वर गेलं की फोन. ack शून्य असताना Ready वाढत असेल, तर भागाकार न करता लगेच फोन. Unacked कमाल मर्यादेला सलग दहा मिनिटं टेकून राहिलं तर तिसरी घंटा. आणि पहाटे तीनला एक छोटा प्रोग्रॅम सगळ्या रांगांचं Unacked दोनदा, दहा मिनिटांच्या अंतराने मोजतो आणि न हललेले आकडे लिहून ठेवतो. टीममधला तो मुलगा आता रोज सकाळी आल्या आल्या ती यादी वाचतो. गेल्या वेळी तिच्यात एकच ओळ होती: `fee.refunds`, Unacked ३. ते तीन संदेश म्हणजे दोनदा फी भरलेले तीन पालक होते, त्यांचे पैसे परत करायचे अडकले होते. दुपारपर्यंत आम्ही ते सोडवले.